पश्चिमेच्या खोलीतली दुपारची तिरीप: पडद्याचा कोणता रंग चालला

दुपारी तीननंतर खोलीत डोळे उघडे ठेवणं अवघड व्हायचं. स्क्रीनवर काही दिसायचं नाही आणि भिंती नारिंगी व्हायच्या.

आधी मोहरी रंगाचे पडदे होते. उतरतं ऊन मुळात पिवळं, त्यात कापडाचा पिवळा मिसळून खोली पेटल्यासारखी दिसे. मग पातळ पांढरे लावले, तर अख्खं कापडच दिव्यासारखं उजळायचं. गडद मरून लावल्यावर खोलीत अंधार झाला, पण कडेच्या फटीतून येणारी तिरीप आणखीच टोचू लागली. शिवाय कापड हाताला चटका बसेल इतकं तापायचं आणि वर्षभरात घड्यांच्या कडा विटून गुलाबी पडल्या. फार वैताग आला.

शेवटी जमलं ते असं. आधी निळसर राखाडी, फिकट हिरवा आणि बदामी, असे हातभर तुकडे आणले. दुपारी चार वाजता ते काचेला चिकटवून खोलीच्या आतून पाहिले. दुकानात उजेड कापडावर पडतो, इथे तो कापडातून येतो, म्हणून रंग पार वेगळा दिसतो. बदामी लगेच नारिंगी झाला, निळसर राखाडी शांत राहिला. तोच घेतला, मध्यम छटेत, घट्ट विणीचा. मग काचेकडच्या बाजूने पांढरं जाड अस्तर शिवून घेतलं, म्हणजे ऊन कापडात मुरण्याआधी बरंचसं परत फिरतं. शेवटी दांडी चौकटीबाहेर दोन्हीकडे वीतभर वाढवली आणि फट बुजली.

उकाडा थोडाच कमी झाला, कारण ऊन काचेतून आत आलेलंच असतं. त्यासाठी खिडकीबाहेरच आडोसा लागतो.