दोन कॅमेरे, एकच C0001: फुटेज उतरवताना या चुका टाळा

हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव दोन सोनी कॅमेऱ्यांवर शूट केलाय, रात्री होमस्टेवर कार्डं उतरवायला बसलात. ए कॅमेऱ्यात ४२ क्लिप, बी मध्ये ३१, दोन्हीकडे क्लिपची नावं C0001.MP4 पासूनच सुरू, कारण मधे कधीतरी दोघांचेही नंबर रिसेट झालेत. असिस्टंट दिवसभर उन्हात उभा राहून दमलेला, तो दोन्ही कार्डं 'हर्णै' नावाच्या एकाच फोल्डरात ओततो, विंडोज विचारतं रिप्लेस करू का, आणि हा झोपेत हो म्हणतो. झालं, ए च्या पहिल्या ३१ क्लिप गेल्या. स्किप दाबलं असतं तर बी चं काहीच आलं नसतं, आणि दोन्ही ठेवा म्हटलं तर C0001 (2).MP4 कुठल्या कॅमेऱ्याची ते एडिटवाला शोधत बसणार.

हे तिथल्या तिथे ओळखता येतं: ४२ आणि ३१ मिळून ७३ क्लिप हव्यात, फोल्डरात ४२ च दिसल्या की समजा घोळ झालाय. कार्ड अजून तसंच असेल तर परत कॉपी करा, विषय संपला. फॉरमॅट झालं असेल तर त्यावर पुढे एकही शॉट घेऊ नका, कार्ड बाजूला काढा आणि फोटोरेक हे गेलेल्या फायली परत काढणारं सॉफ्टवेअर चालवून बघा, पण सगळं मिळेलच असं धरून चालू नका.

म्हणून प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर, कॉपी सुरू करायच्या आधी बनवलेला:

```
20250112_HARNAI/A_CARD01
20250112_HARNAI/B_CARD01
```

तारीख वर्षापासून लिहिली की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. नावं इंग्रजी अक्षरांत आणि स्पेस न देता ठेवा. क्लिपचं नाव मात्र बदलू नका आणि नुसत्या MP4 उचलू नका, अख्खं कार्ड जसंच्या तसं घ्या, कारण C0001M01.XML सारख्या बारक्या फायली क्लिपच्या नावालाच जोडलेल्या असतात. 'होडी वाला चांगला शॉट' हे वहीत लिहा, फाइलवर नको.

दुसरी चूक म्हणजे कट-पेस्ट. नेहमी कॉपीच करायची, तीही टेराकॉपी या कॉपी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिफाय चालू ठेवून, म्हणजे लिहिलेली फाइल परत वाचून मूळ फाइलशी जुळवली जाते. वेळ वाढतो, कंटाळा येतो, पण आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि अर्धवट कॉपीची साइज कधीकधी पूर्ण दिसते, आत शेवटी नुसतं काळं. अडॅप्टरवर चालणारी मोठी डिस्क असेल तर इन्व्हर्टरशिवाय हात लावू नका, यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या डिस्का लॅपटॉपच्या बॅटरीवर निभावून नेतात.

डिस्का दोन हव्यातच, आणि दुसरी कार्डावरूनच भरा, पहिल्या डिस्कवरून नको, नाहीतर पहिलीतली खराबी तिच्यातही उतरते. दोन्ही व्हेरिफाय झाल्या की कार्डावर टेपचा तुकडा लावा, बिनटेपचं कार्ड कोणी फॉरमॅट करायचं नाही, डायरेक्टरने सुद्धा. आणि परतीला एक डिस्क कॅमेऱ्याच्या गाडीत, दुसरी एसटीने जाणाऱ्याच्या सॅकमध्ये.