प्रिंटमध्ये चेहरे निळसर, काळपट येतात? या चुका टाळा

अल्बममध्ये चेहरे बिघडले की पहिला फोन लॅबला जातो. बहुतेक वेळा लॅबचं मशीन बरोबर असतं, घोळ आपल्या स्क्रीनवर झालेला असतो.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती नाईट लाईट चालू ठेवून एडिटिंग करण्याची. गेल्या लग्नसराईत एक मुलगा हळदीचे फोटो घेऊन आला. प्रिंटमध्ये नवरीचं कपाळ जांभळट आणि हळद मळकट हिरवी, लॅपटॉपवर मात्र सगळं छान. मी फाईल उघडली आणि कपाळावर, जिथे हळद लागली नव्हती तिथे, रंगाचे आकडे दाखवणारा आयड्रॉपर ठेवला. लाल १७२, हिरवा १३१, निळा १३४. साध्या उजेडात आपल्याकडच्या त्वचेत लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, आणि निळा हिरव्यापेक्षा बराच खाली असतो. इथे तो वर गेला होता. अंधार पडला की त्याचा लॅपटॉप आपोआप पिवळा होत होता आणि तो पिवळेपणा फोटोतला समजून पोरगा व्हाइट बॅलन्स थंड करत बसला होता. नाईट लाईट बंद केला, निळा १०५ च्या आसपास येईपर्यंत फोटो उबदार केला आणि ४ बाय ६ चा एकच प्रिंट काढला. कपाळाचा रंग परत आला. हा एक प्रिंट आधी काढला असता तर अख्खा अल्बम वाया गेला नसता, पण घाई.

चेहरे काळपट येत असतील तर ब्राइटनेस बघा. मॉनिटर स्वतः उजेड फेकतो, कागद फेकत नाही. फुल ब्राइटनेसवर उजळलेला चेहरा कागदावर अंधारा येणारच. मी अर्धा तास मॉनिटर तापू देतो, मग स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र, म्हणजे कॅलिब्रेटर, लावून ब्राइटनेस १०० निट्स, व्हाइट पॉइंट ६५०० केल्विन आणि गॅमा २.२ ठेवतो. महिन्यातून एकदा हे पुन्हा करतो. यंत्र नसेल तर प्रिंट ज्या दिव्याखाली बघणार तिथे कोरा फोटोपेपर मॉनिटरशेजारी धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा कागदाइतकाच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. याने उजेड जुळेल, रंगाची खात्री मिळणार नाही.

दुसऱ्याच्या मॉनिटरची प्रोफाइल, म्हणजे त्याची स्क्रीन रंग कसे दाखवते याची फाईल, डाउनलोड करून लावू नका. ती त्याच्या पॅनेलची असते.

एका प्रिंटशी जुळवायला मॉनिटरचे लाल-हिरवे स्लायडर फिरवू नका, कागद बदलला की सगळं पुन्हा बिघडेल. लॅबकडून त्या कागदाची प्रोफाइल मागा आणि सॉफ्ट प्रूफ लावून त्या कागदावर रंग कसा येईल ते स्क्रीनवरच बघा.

फोनवर व्हिव्हिड मोडऐवजी नॅचरल ठेवा, आयफोनवर ट्रू टोन आणि नाईट शिफ्ट बंद करा. तरीही फोन बघून त्वचेचा रंग फायनल करू नका.

आणि टेस्ट प्रिंट देताना ‘कलर करेक्शन करू नका’ असं लॅबला स्पष्ट सांगा. तिथल्या ऑपरेटरने रंग सुधारून दिला तर तुमचा मॉनिटर किती चुकतोय ते कळणारच नाही.