येनचा दर शंभराचा असतो: हिशेबातल्या या चुका टाळा

रिझर्व्ह बँकेच्या संदर्भ दरांच्या यादीत डॉलर, युरो आणि पौंडाचा दर एका एककाचा असतो, पण येनचा दर १०० येनचा. सीमाशुल्काच्या दरपत्रकातही येन आणि कोरियन वॉन प्रति १०० एकक अशा वेगळ्या तक्त्यात असतात. एक येन रुपयाहून लहान असल्यामुळे दोन दशांशांत त्याचा दर फारच ढोबळ होतो. शंभराच्या भावात तो नेमका मांडता येतो.

समजा, जपानहून बेअरिंग आले आणि इन्व्हॉइस ४,८०,००० येनचे आहे. दर ५८.३५ धरू. बरोबर रक्कम २,८०,०८० रुपये. शंभराने भागायचे राहिले तर २,८०,०८,००० होतात. एवढा आकडा सहसा कोणाच्या तरी डोळ्यांत खुपतो. जास्त धोका उलट्या चुकीचा वाटतो: दरांच्या शीटमध्ये कोणीतरी आधीच ०.५८३५ करून ठेवलेले असते, सूत्र पुन्हा शंभराने भागते आणि २,८००.८० रुपये येतात. किरकोळ सुट्या भागांच्या यादीत ही रक्कम सहज खपून जाते.

म्हणून मूळ दर बदलूच नका. तो जसा छापला आहे तसाच ठेवा आणि 'किती एककांचा दर' यासाठी वेगळा रकाना करा. डॉलरसमोर १, येनसमोर १००. B मध्ये रक्कम, C मध्ये दर, D मध्ये एकके:

```
=B2*C2/D2
```

आता सगळ्या चलनांना एकच सूत्र चालते आणि भागाकार एकदाच होतो. दर ०.५८ असा गोलही होत नाही. तसा झाला, तर याच इन्व्हॉइसमध्ये १,६८० रुपयांचा फरक पडतो. रुपयांवरून येन काढताना मात्र सूत्र उलटे: रुपये गुणिले १००, भागिले ५८.३५.

दर कशाचा आहे याची शंका आली, तर डॉलरमार्गे पडताळा. डॉलर ८७ रुपये आणि १५० येन असेल, तर ८७ भागिले १५० म्हणजे एक येन ०.५८ रुपये. यादीत ५८ च्या आसपास आकडा दिसला की तो शंभराचाच. वॉनबाबत ही पडताळणी चुकवू नका. १०० वॉनचा दर सहा रुपयांच्या आसपास असेल, तर 'एका वॉनला सहा रुपये' हे ऐकायला विचित्र वाटत नाही.

अजून एक शंभरपट चूक दराशी संबंधित नसते. काही पेमेंट प्रणाली रक्कम पैशांसारख्या लहान एककांत घेतात. येनला व्यवहारात असे लहान एकक नाही, म्हणून तिथे ४,८०,००० येन तसेच भरायचे. रुपयांच्या सवयीने त्याला शंभराने गुणले, तर समोरच्याकडे ४,८०,००,००० येनची मागणी जाते. दर तपासत बसलात तर ही चूक सापडणार नाही.