जुन्या रजिस्टरच्या स्कॅनमध्ये घडीखाली गेलेल्या ओळी कशा उतरवाव्यात

शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर वर्षानुवर्षे बासनात बांधून पडलेले असले की त्याला मधोमध आडवी घडी पडते आणि बाहेरच्या कडा झडतात. स्कॅनवरून अशी पाने उतरवून घेणारे बहुतेक जण घडीतल्या पुसट अक्षरांशी झुंजत बसतात. त्यापेक्षा मोठा धोका ओळ चुकण्याचा असतो. एक अक्षर चुकले तर एका माणसाची नोंद बिघडते. ओळ घसरली तर घडीखालच्या प्रत्येक मुलाला शेजारच्या मुलाची दाखल तारीख चिकटते, आणि पान दिसायला अगदी व्यवस्थित दिसते. म्हणून आधी ओळी पक्क्या करायच्या, अक्षरे नंतर.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकर वस्तीतल्या एखाद्या शाळेचे १९५० च्या आसपासचे पान नमुन्यादाखल घेऊ. डाव्या पानावर अनुक्रमांक, नाव, जन्मस्थान, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. उजव्या पानावर दाखल तारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा. क्रमांक ४१२ ते ४३१, म्हणजे वीस ओळी. घडी ४२० च्या खाली.

पहिले काम: स्कॅन रंगीत हवा

काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये शाई, घडीची सावली आणि मळ सगळे एकाच काळ्या रंगात येते. शक्य असेल तर ३०० डीपीआय किंवा त्याहून जास्त रंगीत स्कॅन मागून घ्या. मूळ फाईलला हात लावू नका, प्रत काढूनच काम करा. GIMP या फोटो-संपादन प्रोग्राममध्ये `Colors > Components > Decompose` वापरून लाल, हिरवा आणि निळा थर वेगळे करा. लाल थरात पिवळट-तपकिरी डाग बरेचसे विरतात आणि निळी शाई गडद दिसते. शाईच तपकिरी पडली असेल तर मात्र तीही फिकी होते. अशा वेळी हिरवा थर पाहावा.

पान सरळ करताना एक काळजी घ्या. घडीच्या वरचा आणि खालचा भाग सहसा वेगवेगळ्या कोनात कललेले असतात. अख्खे पान एकदाच फिरवले तर एक अर्धा सरळ होतो आणि दुसरा आणखी वाकडा. स्कॅनच्या प्रतीतच घडीवर पान कापून दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे सरळ करावेत.

ओळी मोजा, तोंडी नको, पट्टीने

छापील रजिस्टरच्या रेघांमधले अंतर ठरलेले असते. आपल्या नमुन्यात ते ८ मिमी आहे, म्हणजे ३०० डीपीआयला साधारण ९४ पिक्सेल. आता डाव्या पानावर ४२० च्या खालच्या रेघेपासून घडीपलीकडच्या पहिल्या स्पष्ट रेघेपर्यंतचे अंतर मोजा. ते भरते १५५. एका ओळीसाठी हे फार जास्त आहे आणि दोन ओळींच्या १८८ पेक्षा ३३ ने कमी आहे. अर्थ असा, की इथे दोन ओळी आहेत, त्यांच्यामधली रेघ घडीत गेली आहे आणि सुमारे ३ मिमी कागद दुमडून दिसेनासा झाला आहे. नुसत्या डोळ्यांना ती एकच उंच, गिचमिड ओळ वाटते.

उजव्या पानावर घडी इतकी घट्ट बसलेली नाही. तिथे हेच अंतर १८८ येते आणि दोन्ही ओळी सुट्या दिसतात. म्हणजे घाईत मोजणाऱ्याला डावीकडे एकोणीस ओळी मिळणार आणि उजवीकडे वीस. वरून खाली जोडत गेले की ४२२ पासून सगळे सरकले.

उपाय साधा आहे. दोन्ही पाने वरून घडीपर्यंत मोजा, मग तळापासून वर घडीपर्यंत मोजा. शेवटची ओळ दोन्हीकडे ४३१ धरली की कमतरता नेमकी घडीत सापडते. अनुक्रमांकाचीच कड झडली असेल तर मागच्या पानाचा शेवटचा आणि पुढच्या पानाचा पहिला क्रमांक घ्या. मधली संख्या ओळींशी जुळलीच पाहिजे. तरी शंका राहिली तर वय पाहा. १९४४ चा जन्म असलेला मुलगा १९४७ साली चौथीत दाखल झालेला दिसला, तर मुलगा हुशार नाही, ओळ घसरली आहे.

मग अक्षरे

४२१ चा खालचा भाग घडीत आहे. जन्मतारखेत १ च्या पुढे एक वरचा वळसा तेवढा दिसतो. २ आणि ३ यांचा वरचा वळसा सारखाच, त्यामुळे अंकावरून निकाल लागत नाही. अक्षरी रकान्यात मात्र पहिल्या अक्षराच्या शिरोरेघेवर मात्रा आहे. ‘बारा’ला मात्रा नाही, ‘तेरा’ला आहे. तारीख १३ ठरली. ज्या रजिस्टरात तारीख दोनदा लिहिलेली असते तिथे हा दुसरा रकाना आधी बघावा. आणि दिवस-महिना पूर्णच गेला असेल तर ‘१ जून’ लिहून मोकळे होऊ नका. शाळेत घालताना ही तारीख लावण्याची पद्धत इतकी सर्रास होती की हात आपोआप तिकडे वळतो. त्याच कारणाने तो अंदाज पुरावा ठरत नाही.

४२२ ची गत उलटी आहे. वरचा भाग गेला, शिरोरेघ आणि मात्रा गेल्या. वडिलांच्या नावात ‘मल्ल’ कळते, शेवट कळत नाही. य आणि प यांचा खालचा अर्धा भाग जवळपास सारखा, मग मल्लय्या की मल्लप्पा? दुसऱ्या गावात कदाचित एकच शक्यता उरली असती. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड दोन्ही घरे शेजारी-शेजारी, त्यामुळे कानाला बरे वाटते म्हणून काही लिहिता येत नाही. आडनाव आणि जन्मस्थान तेच असलेला भाऊ किंवा बहीण मागच्या-पुढच्या पानांवर शोधा. सापडले तरी ते अनुमानच.

म्हणून तक्त्यात तीन रकाने ठेवावेत: ‘दिसते ते’, ‘अनुमान’ आणि ‘आधार’. पहिल्यात ‘मल्ल[..]’, दुसऱ्यात ‘मल्लय्या’, तिसऱ्यात ‘क्र. ४३८, बहीण’. हे एकत्र केले की पुढच्या माणसाला काय वाचले आणि काय ठरवले हे कधीच वेगळे करता येत नाही.

घडीची काळी रेघ नावावरून गेली की नोंद खोडल्यासारखी दिसते. खोडरेघ हाताने ओढलेली असते. ती शाईच्या रंगाची असते आणि नावापाशी सुरू होऊन तिथेच थांबते. घडी समासातूनही जाते आणि पानाच्या मागच्या बाजूच्या स्कॅनमध्येही त्याच उंचीवर असते.

झडलेल्या कडा

इथे दोन फसवणुकी होतात. कागदच नसलेली जागा पांढऱ्या पार्श्वभूमीवर कोऱ्या रकान्यासारखी दिसते. छापील रेघा तिथपर्यंत पोचतात का ते पाहा. मध्येच तुटल्या असतील तर ‘कागद नाही’ लिहा, ‘कोरे’ नव्हे. शेऱ्याच्या रकान्यात हा फरक फार महत्त्वाचा, कारण कोरा शेरा म्हणजे शेरा दिलाच नाही. दुसरे, झडलेल्या कडेतून खालच्या पानावरची अक्षरे डोकावतात आणि याच ओळीची वाटतात. त्या अक्षरांची बैठक याच पानाच्या रेघांवर बसत नसेल तर ती परकी समजा.

रजिस्टर प्रत्यक्ष हाताळण्याची परवानगी मिळाली तर पानाखाली कोरा कागद सरकवून पुन्हा फोटो घ्या, म्हणजे ही शंका उरत नाही. घडीचे दोन फोटो घ्या, एकदा उजेड पानाच्या वरच्या बाजूने तिरपा, एकदा खालच्या बाजूने. सावली जागा बदलते, शाई बदलत नाही. घडी उलगडायला इस्त्री, पाणी किंवा सेलोटेप वापरू नका. ठिसूळ कागद घडीवरच तुटतो आणि मग ४२१, ४२२ दोन्ही जातात.