सात सोर्स, सात परिच्छेद: लिटरेचर रिव्ह्यूत या चुका टाळा

टर्म पेपरांचा गठ्ठा तपासायला घेतला की पहिल्या पानावरच अंदाज येतो. 'अमुक यांनी असे म्हटले आहे.' नवा परिच्छेद. 'तमुक यांच्या मते...' पुन्हा नवा परिच्छेद. सात सोर्स, सात परिच्छेद. याला यादी म्हणतात. ओळखायचं कसं? परिच्छेदांचा क्रम उलटापालटा करून वाचा. काहीच बिघडलं नाही, तर रिव्ह्यू अजून लिहायचाच आहे.

एका मुलीचा प्रश्न छान होता: गोव्यातल्या तिसवाडीतली खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातशेतं, पडीक का पडली? सोर्सही तिने नेटके जमवले होते, मसुदा मात्र यादीचाच. मी विचारलं, "यातलं कोण कोणाशी भांडतं?"

"सर, भांडत नाही कोणी. सगळे खाजनावरच लिहितात."

मग मोठा कागद आडवा घेतला. ओळीत एकेक सोर्स आणि वर चार रकाने: बांध कोण राखायचं, कशामुळे थांबलं, पुरावा कसला, कुठल्या गावाचा. सगळे ओळ आडवी वाचतात, मी रकाना उभा वाचायला लावतो. पहिल्या रकान्यात एकमत निघालं: बांध आणि मानस, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, यांची निगा कोमुनिदाद ही गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था राखत असे. दुसऱ्यात दोन तट पडले. काहींचं बोट १९६४ च्या कूळ कायद्याकडे: बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली आणि ढिली पडली. बाकीच्यांच्या मते दोष मानशीवरच्या मासेमारीचा: लिलाव घेणारा मासळीसाठी खारं पाणी आत सोडतो आणि भात जातं. तिसऱ्या रकान्यात या मतभेदाचं मूळ सापडलं. पहिला तट कायदा आणि दप्तर वाचत होता, दुसरा शेतकऱ्यांशी बोलत होता. एकमत, मतभेद आणि मतभेदाचं कारण असे तीन परिच्छेद तिथेच ठरले. बरं, हा कागद लॅपटॉपवर केला तरी चालतो, पण मला हातानेच आवडतो. चौकट लहान असली की मुलं अख्खा सारांश कोंबत नाहीत.

चौथ्या रकान्यात तिसवाडीतलं एकही गाव नव्हतं. तिने लगेच लिहिलं, 'या विषयावर संशोधन झालेले नाही.' हे वाक्य दिसलं की माझं लाल पेन आपोआप उघडतं. सात लेख वाचून अख्ख्या विषयाबद्दल निकाल देता येत नाही. 'पाहिलेल्या लेखांत तिसवाडीची उदाहरणे नाहीत' एवढंच म्हणा.

नुसता गोषवारा वाचून सोर्स धरू नका, पुरावा आत असतो.

सोर्स आठ दिसतात, पण त्यातले तीन एकाच जुन्या अहवालावर उभे असतात. शेवटच्या संदर्भयाद्या शेजारी ठेवून बघा. तसं निघालं तर तो मूळ अहवाल घ्या आणि त्या तिघांतला एकच ठेवा.

आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सर्चमध्ये वर आलेले पहिले पाच लेख उचलणाऱ्यांनी माझ्या केबिनकडे फिरकू नये.