निरोपाच्या जेवणातील इटालियन टोस्ट : या चुका टाळा

समजा, तोरिनो येथील काम संपवून आपण परत निघाला आहात आणि शेवटच्या जेवणाच्या वेळी पेला उंचावून सहकाऱ्यांसाठी दोन शब्द बोलायचे आहेत. अशा वेळी पुढील तीन वाक्ये पुरेशी होतात:

«कारी अमीची, ग्रात्स्ये दी तुत्तो. नोन वी दीको अद्दीओ, मा अर्रीवेदेर्ची. आल्ला वोस्त्रा सालूते!»

अर्थ असा: प्रिय मित्रांनो, सगळ्याबद्दल आभार. तुम्हाला कायमचा निरोप देत नाही, पुन्हा भेटूच म्हणतो. तुमच्या आरोग्यासाठी!

सर्वांत जास्त चुका ‘ग्रात्स्ये’ या शब्दात होतात. अनेक जण ‘ग्राझी’ म्हणतात, आणि त्यात मधला वर्णही बिघडतो व शेवटचा ‘ए’ही गळतो. मराठी माणसाला हा मधला वर्ण शिकावा लागत नाही, कारण ‘चमचा’ या शब्दातील च जवळजवळ तसाच आहे. मात्र ‘अमीची’ आणि ‘अर्रीवेदेर्ची’ यांमध्ये ‘चिमणी’चा च हवा. हे दोन च एकदा वेगळे ठेवले की अर्धे काम झाले.

दुसरी चूक इंग्रजीच्या सवयीने होते: ‘तुत्तो’चे ‘टुट्टो’ होते. इटालियन त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, म्हणून ‘पत्ता’ आणि ‘मुद्दा’ म्हणताना जीभ जिथे थांबते तिथेच ‘तुत्तो’ आणि ‘अद्दीओ’मध्ये ती थांबवावी. जोडाक्षर एकेरी उच्चारल्यास इटालियन कानाला ते लगेच खटकते. ‘सालूते’मध्ये जोर ‘लू’वर द्यावा.

‘अद्दीओ’ हा शब्द एकटा वापरणे ही मला सर्वांत गंभीर चूक वाटते, कारण त्यात पुन्हा भेट न होण्याची छटा आहे. वरच्या वाक्यात तो नाकारण्यासाठीच आला आहे. म्हणून आठवण अडखळली आणि ‘नोन’ सुटले, तर अर्थ नेमका उलटा होतो. भीती वाटत असेल तर ते वाक्य गाळून केवळ ‘अर्रीवेदेर्ची’ म्हणावे.

समोर कोण आहे हेही पाहावे. मंडळी मिश्र असल्यास ‘कारी अमीची’ चालते, परंतु सगळ्या स्त्रिया असतील तर ‘कारे अमीके’ म्हणावे लागते. एकाच जवळच्या मित्रासाठी ‘कारो अमीको’, मैत्रिणीसाठी ‘कारा अमीका’, आणि दोघांसाठीही ‘वी’ऐवजी ‘ती’ व ‘वोस्त्रा’ऐवजी ‘तूआ’ येते. शेवटी मात्र ‘अर्रीवेदेर्ची’च राहते. संबोधन बदलून पुढचे ‘वी’ तसेच राहिले, तर वाक्य विसंगत होते.

पेले भिडवताना ‘चिन चिन’ म्हणतात, आणि त्या क्षणी नजर पेल्याकडे नव्हे, तर समोरच्याच्या डोळ्यांकडे असावी. पाण्याने टोस्ट करणे अनेक इटालियन अशुभ मानतात. मद्य घेत नसाल तर पेल्यात फळांचा रस घ्यावा आणि शब्द संपताच त्याचा एक घोट घेऊन मगच पेला खाली ठेवावा.