सर्पदंशाचे महिन्याचे अहवाल एका पानावर कसे आणायचे

तालुका आरोग्य कार्यालयात आकडेवारीच्या टेबलावर नवीन आलेल्या मुलामुलींना मी पहिलं काम सर्पदंशाच्या अहवालांचं देते. आमच्या विदर्भात पेरणीपासून दिवाळीपर्यंत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राकडून दर महिन्याला जवळपास सारखाच कागद येतो: इतके दंश, इतके पुढे पाठवले, इतके बरे. साहेबांना त्यातून एक पान हवं असतं, ज्यावरून पुढच्या महिन्यात काय करायचं ते ठरेल.

नवीन माणूस आकड्यांची थेट बेरीज करतो आणि घोळ तिथेच होतो. दंश झालेला माणूस आधी आरोग्य केंद्रात येतो, तिथून ग्रामीण रुग्णालयात जातो, कधी पुढे जिल्ह्याला. तिन्ही ठिकाणी त्याची नोंद होते. म्हणून बेरजेआधी एका ओळीत एक रुग्ण असा तक्ता करा आणि वय, लिंग, गाव, दंशाची तारीख यांवरून दुहेरी नोंदी जुळवा. वयात दोनेक वर्षांचा फरक पडतो, गावापुढचं खुर्द-बुद्रुक गळतं. रात्री अकराला दंश झाला की रुग्णालयात दुसऱ्या दिवसाची तारीख पडते, त्यामुळे एका दिवसाची सूट ठेवूनच जुळवा. विंचूदंश याच रकान्यात घुसलेले असतात, तेही बाजूला काढा.

नमुन्यासाठी आकडे घेऊ. जून ते ऑक्टोबरच्या अहवालांत 71 नोंदी आहेत, जुळवणीनंतर माणसं उरली 58. महिन्यानुसार जून 7, जुलै 15, ऑगस्ट 17, सप्टेंबर 11, ऑक्टोबर 8. एवढंच पाहिलं तर कुणीही म्हणेल की ऑगस्टनंतर दंश कमी झाले, आता काळजी नाही.

आता दंशाची वेळ आणि जागा बघा. जुलै-ऑगस्टच्या 32 पैकी 26 जणांची वेळ लिहिलेली आहे, त्यात रात्रीचे 7. बाकीचे बहुतेक निंदण करताना, धुऱ्यावरचं गवत कापताना हाताला किंवा पायाला झालेले. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या 19 पैकी 16 जणांची वेळ आहे आणि त्यात रात्रीचे 10. त्या दहांपैकी सहा घरात जमिनीवर झोपलेले, चार रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला गेलेले. एकूण दंश कमी झाले, पण वेळ लिहिलेल्यांत रात्रीचे वाढले. टिपणात सांगायची गोष्ट ती हीच.

हे महत्त्वाचं का, ते मण्यारीमुळे. ती रात्री फिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूज नसते, खूणही कित्येकदा सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास अडतो. घरच्यांना ते अपचन वाटतं. घोणस चावली तर सूज आणि वेदना लगेच दिसतात, शिवाय वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीतून विषाचा परिणाम कळू शकतो. मण्यारीत रक्त व्यवस्थित गोठतं, म्हणून ती चाचणी चांगली आली तरी निर्धास्त होता येत नाही. तरीही टिपणात ‘मण्यारीचे दंश वाढले’ असं लिहू नका. साप ओळखलाय असं फार थोड्या अहवालांत असतं. ‘रात्री, झोपेत, जमिनीवर’ इतकंच आपल्या कागदात आहे, तेवढंच लिहा.

रिकाम्या रकान्यांशी प्रामाणिक राहा. वेळ न लिहिलेल्यांना दिवसाच्या खात्यात टाकायचं नाही. सोळापैकी दहा असंच लिहा; एवढ्या लहान आकड्यांची टक्केवारी काढली की दोन माणसांच्या फरकानेही मोठी वाढ भासते. अहवालच न आलेल्या केंद्रापुढे शून्य लिहू नका, ‘अहवाल नाही’ लिहा. एकूण दंशांची तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, कारण पाऊस आणि शेतीची कामं ऋतूप्रमाणे चालतात. एखाद्या केंद्राचे दंश एकदम वाढले तर आधी तिथे फोन करा. पूर्वी प्रतिसर्पविष संपलेलं असायचं म्हणून लोक परस्पर पुढे जात आणि आता साठा आल्यामुळे तिथेच थांबतात, असंही निघतं.

सूचना दोन-तीनच द्या; प्रत्येकीला आकड्याचा आधार आणि करणाऱ्याचा हुद्दा हवा. वरच्या तक्त्यावरून मी अशा लिहीन: ‘रात्रीचे दंश आलेल्या गावांत आशाताईंनी खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणं याबद्दल घरोघरी सांगावं. रात्रपाळीच्या परिचारिकेने पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन आलेल्याला सर्पदंश धरून तपासावं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पुढच्या हंगामात ऑक्टोबरअखेरपर्यंत प्रतिसर्पविषाचा साठा कमी करू नये.’ सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या लागतात, त्यामुळे केंद्रात पाचच शिल्लक असतील तर एका रुग्णाचीही सोय होत नाही.

पानाच्या तळाशी एक ओळ मी नेहमी ठेवते: घरी किंवा मांत्रिकाकडे दगावलेले या तक्त्यात नाहीत. ती माणसं दवाखान्यापर्यंत पोचलेलीच नसतात. त्यांच्यासाठी गावातल्या मृत्यूंच्या नोंदी आशाताईंकडून वेगळ्या मागवाव्या लागतात.